अठ्ठ्याहत्तर की एकोणऐंशी?



इतिहासाचा प्रकल्प लिहिणारे विद्यार्थी शकात सरसकट अठ्ठ्याहत्तर मिळवतात.
आणि नेमके तिथेच फसतात.

संत तुकाराम महाराजांचे उदाहरण घेऊ.
परंपरेने त्यांच्या प्रयाणाची तिथी मानली जाते फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१.
अठ्ठ्याहत्तर मिळवले, तर येते १६४९.
पण शकाचे वर्ष सुरू होते चैत्रात.
फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेले असते.
म्हणून इथे एकोणऐंशी मिळवायचे. वर्ष येते १६५०.

आधी महिना पाहायचा, मग बेरीज करायची.
माघ-फाल्गुनाला एकोणऐंशी.
पौष मात्र लबाड! तो बहुधा दोन इंग्रजी वर्षांत विभागलेला असतो. त्यासाठी जंत्रीच उघडावी.

उत्तरेकडचा ग्रंथ असेल, तर आणखी एक गंमत.
आपला फाल्गुन वद्य पक्ष तिकडे चैत्र कृष्ण म्हणून लिहितात.
दिवस तोच, महिन्याचे नाव वेगळे.

राज्याभिषेक शकाची चाल निराळीच.
त्याचे वर्ष ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलते.
पहिले वर्ष सुरू झाले १६७४ मध्ये.
त्याच पहिल्या वर्षातला चैत्रोत्सव मात्र १६७५ मधला ठरतो.

वहीत मूळ तिथी जशीच्या तशी लिहावी.
रूपांतर तिच्या शेजारी.