पुत्रधर्म, राजधर्म आणि कन्फ्यूशियस
(नाशिक येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आपल्या या क्षेत्राच्या पश्चिमेस गोदावरीकाठी जे गंगापूर आहे, तेथे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई पुणे सोडून येऊन राहिल्या, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. परंपरा असे सांगते की, त्यांचे बंधू रास्ते यांस माधवरावांनी दंड केला, तो माफ व्हावा म्हणून मातोश्रींनी शब्द टाकला, आणि ज्याने वयाच्या सोळाव्या वर्षी, १७६१ साली, पेशवाईची वस्त्रे घेतली होती त्या पुत्राने आईचा मुलाहिजा न राखता हुकूम कायम ठेवला, म्हणून त्यांनी पुणे सोडले. आपण या कथेतून माधवरावांच्या न्यायनिष्ठेचा गौरव करतो. परंतु अशा गौरवात नीतीविषयीची एक विशिष्ट समजूत आपण न कळत गृहीत धरीत असतो, आणि आजचे माझे बोलणे त्या समजुतीविषयी आहे.

कन्फ्यूशियसच्या (इ. स. पू. ५५१–४७९) संभाषणांच्या संग्रहात एक प्रसंग आहे. एक अधिपती अभिमानाने सांगतो की, आमच्या मुलखात एक मनुष्य इतका सरळ आहे की, बापाने मेंढी चोरली तेव्हा त्याने स्वतः बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशियस उत्तरतो की, आमच्याकडचे सरळ लोक निराळे असतात. तेथे बाप मुलाला झाकतो, मुलगा बापाला झाकतो, आणि सरळपणा त्यातच असतो. चोरीस तो योग्य म्हणत नाही. त्याचा आक्षेप असा की, जो मुलगा बापाशी मुलासारखा वागत नाही, त्याच्यापाशी सरळपणा नावाचा गुण वेगळा उरतोच कुठे? माणुसकी, ज्याला त्याच्या परंपरेत ‘रेन’ म्हणतात, तिचे मूळ घरातील आदरप्रेमात आहे, असे त्याच्या शिष्यांपैकी एकाने म्हटले आहे. ती कोणा एकट्याच्या अंतःकरणात साठवलेली संपत्ती नसून पुत्र, बंधू, मित्र, अमात्य या नात्यांनी वागता वागता घडत जाणारी गोष्ट आहे. रॉजर एम्स आणि हेन्री रोझमाँट या अभ्यासकांनी म्हणूनच या विचारास सद्गुणनीतीच्या वर्गात न घालता भूमिकानीती असे स्वतंत्र नाव दिले. इतर अनेक अभ्यासकांना ते मान्य नाही, आणि वाद अजून मिटलेला नाही.

अॅरिस्टॉटल या बाबतीत जितका परका दाखविला जातो तितका तो नाही. पित्याचे सारेच ऐकावे काय, हा प्रश्न तो स्पष्ट विचारतो आणि नाही म्हणतो. पण नाते जितके निकटचे तितका अन्याय घोर, हेही तोच सांगतो. भेद इतकाच की, त्याचे लक्ष कर्त्याच्या बनलेल्या स्वभावाकडे असते: सवयीने घडलेला विवेकी पुरुष प्रसंगी उचित तेच पाहील. मेंढीचोराच्या मुलाविषयी तो विचारील की, याचे शील कसे आहे. कन्फ्यूशियस विचारील की, याच्या वागण्यानंतर कोणते नाते उभे राहिले आणि कोणते कोसळले. माझ्या मते या दुसऱ्या प्रश्नात पहिल्यापेक्षा अधिक वास्तवता आहे, जरी त्यात धोकाही अधिक आहे.

तो धोका हान फेइ या कायदेवादी लेखकाने नेमका ओळखला. घरी म्हातारा बाप आहे, त्याला पाहणारे कोणी नाही, म्हणून रणांगणातून वारंवार पळणारा एक सैनिक तो दाखवितो, आणि बापाचा सुपुत्र हा राजाचा द्रोही ठरतो असा निष्कर्ष काढतो. आपल्याकडील मामा-भाच्यांच्या कारभाराचा इतिहास ज्याने दप्तरांतून चाळला आहे, त्याला हान फेइ परका वाटणार नाही.

या पेचाचे उत्तर कन्फ्यूशियसच्या परंपरेतील मेन्शियसने दिले आहे. त्याला कोणी विचारले की, आख्यायिकेतला शुन सम्राट असताना त्याच्या बापाने खून केला तर काय होईल? मेन्शियस म्हणाला, न्यायाधीश गाओ याओ बापास पकडील. शुन त्याला अडवू शकणार नाही, कारण न्यायाधीशाचा अधिकार विधिपूर्वक आलेला आहे. मग शुन काय करील? साम्राज्य जुन्या वहाणेसारखे टाकून, बापाला पाठीवर घेऊन, दूर समुद्रकाठी पळून जाईल आणि तेथे आनंदाने राहील. हा तोच बाप, ज्याने शुनला मारण्याचे प्रयत्न केल्याची कथा प्रसिद्ध होती. येथे पुत्रधर्मासाठी न्यायासन वाकविले जात नाही. मनुष्य त्या आसनावरून उठतो, आणि किंमत स्वतः मोजतो.

या मापाने पाहता माधवरावांनी दंड कायम ठेवला यात कन्फ्यूशियसपंथीय दोष काढणार नाही, कारण मेन्शियसचा शुनही न्यायाधीशास अडवीत नाही. त्याला खटकेल ते हे की, किंमत आईने मोजली. आसन मुलाकडे राहिले आणि गाव तिने सोडले. तो म्हणेल, दंड सरकारजमा व्हावा, पण भाच्याने तो आपल्या खासगीतून भरावा. यावर अॅरिस्टॉटलपंथीय विचारील की, भाचा भरणार म्हटल्यावर मामास शिक्षा कसली? हा आक्षेप मला निरुत्तर करणारा वाटतो, आणि म्हणून मेन्शियसनेच सांगितलेला दुसरा तोडगा अधिक पटतो. शुनचा दुष्ट भाऊ शियांग यास त्याने प्रांत दिला, मान दिला, उत्पन्नही दिले. मात्र कारभार त्याच्या हाती दिला नाही. तो सरकारी अधिकाऱ्यांनी पाहिला, वसूल त्यांनी केला आणि भावाच्या घरी पोचविला, जेणेकरून रयतेस त्याचा उपद्रव पोचणार नाही. अशी तजवीज आधी करावी लागते. दंडाचा हुकूम निघून आई दारात उभी राहिल्यावर ती करता येत नाही.