नेट जोरात, मालिका अडलेली

रे रोडला रात्री नऊ वाजता घराघरांत एकच तक्रार असते. मोबाइलवर बातम्या झटकन उघडतात, पैसे पाठवले की लगेच पोचतात, वेग तपासला तर शंभर एमबीपीएस दिसतात. पण मालिका लावली की चित्र धूसर होतं आणि चक्र फिरत बसतं. केबलवाल्याला फोन करा, तो म्हणणार, ‘राउटर बंद करून चालू करा.’ बिचाऱ्या राउटरचा यात काही दोष नसतो.

तुमच्या घरापासून कंपनीच्या केंद्रापर्यंतची तार मोकळीच असते. अडतं ते पुढे, जिथे तुमच्या कंपनीचं जाळं त्या व्हिडिओवाल्यांच्या जाळ्याला जोडलेलं असतं तिथे. समजा, ही जोडणी दहा जीबीपीएसची आहे. एका एचडी चित्राला साधारण पाच एमबीपीएस लागतात, म्हणजे तिच्यातून एका वेळी दोन हजार पडदे चालतील. जेवणं उरकून तीन हजार घरांनी एकदम मालिका लावली, की प्रत्येकाच्या वाट्याला तीन-सव्वातीन येतात. जोडणीवरची रांग भरली की तिथला राउटर डेटाचे तुकडे टाकून देतो, ते पुन्हा मागवावे लागतात आणि ॲप निमूटपणे चित्राचा दर्जा उतरवतं. बाकीच्या साइट दुसऱ्या वाटांनी येतात, म्हणून त्या सुसाट. अशा वेळी दोनशेचा प्लॅन घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

अमेरिकेत हे उघड्यावर घडलं. नेटफ्लिक्सचं चित्र कॉमकास्टच्या ग्राहकांकडे ज्या मधल्या कंपन्यांमार्फत जायचं, त्यांच्या जोडण्या 2013 मध्ये संध्याकाळी भरून वाहू लागल्या. वाढवायच्या तर खर्च कुणी करायचा, यावर घोडं अडलं. नेटफ्लिक्सच्याच आकड्यांनुसार कॉमकास्टवरचा सरासरी वेग जानेवारी 2014 मध्ये 1.51 एमबीपीएसवर आला. फेब्रुवारीत पैसे देऊन थेट जोडणीचा करार झाला आणि मार्चमध्ये तोच वेग अडीचवर गेला. ग्राहकांच्या घरातलं काहीही बदललं नव्हतं, हे लक्षात घ्या.

मग ओळखायचं कसं? नेहमीच्या वेगचाचणीचा सर्व्हर बऱ्याचदा कंपनीच्याच जाळ्यात असतो, त्यामुळे ती अडलेल्या जागेपर्यंत पोचतच नाही. fast.com मात्र नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून मोजतं. नेटफ्लिक्स अडत असेल, तर रात्री नऊला आणि सकाळी सातला दोन्ही चाचण्या करा, वायफायने नव्हे, केबल लावून. पहिली दोन्ही वेळा शंभर आणि दुसरी फक्त रात्री चारवर, असं दिसलं तर संशय पक्का धरायला हरकत नाही. तरी पुरावा कंपनीकडेच असतो. तिच्या आलेखात त्या जोडणीची रेघ संध्याकाळी चढते आणि तासन् तास माथ्यावर सपाट राहते. लोकांची मागणी अशी सपाट कधीच नसते; सपाट रेघ म्हणजे भरलेली तार.

उपाय दोन. जोडणी रुंद करायची, नाहीतर व्हिडिओवाल्यांची साठवणपेटी कंपनीच्याच केंद्रात बसवायची. नेटफ्लिक्स अशा पेट्या देतं. रहदारी कमी असते तेव्हा त्या भरून घेतात आणि लोकप्रिय मालिका तिथूनच वाटतात. म्हणून तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका. दोन्ही वेळचे आकडे द्या, सेवेचं नाव सांगा आणि तक्रार नेटवर्क विभागाकडे पाठवायला सांगा.