अर्ध्या एमबीत मावणारी गोष्ट

रात्रपाळीला वॉचमन असलेल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. फोन जुना, त्यात जेमतेम ७०० एमबी जागा उरलेली, आणि रेंज फक्त गच्चीवर. त्यांचं म्हणणं, "मला मारामारी नको, गोष्ट पाहिजे. पण जो गेम घेतो, तो मध्येच नेट मागतो." आज याच अडचणीवर बोलूया.

आधी गेम मध्येच का अडकतो ते बघू. प्ले स्टोअरवर दिसणारा आकार बऱ्याचदा फक्त सुरुवातीचा असतो. गेम पहिल्यांदा उघडला की तो चित्रं, आवाज, पुढचे अध्याय असं बाकीचं सामान उतरवायला लागतो. त्यामुळे १०० एमबीचा म्हणून घेतलेला गेम पुढे कितीतरी जागा खातो. म्हणून घरच्या किंवा मित्राच्या वायफायवर असतानाच तो एकदा उघडा आणि दहा मिनिटं खेळा. मग विमान मोड लावा, गेम पूर्ण बंद करा आणि परत उघडा. तुम्ही सोडलात तिथूनच सुरू झाला, तर बहुतेक चालेल. नेट मागितलं, तर तिथेच काढून टाका. त्याआधी सेटिंग्जमध्ये अ‍ॅपच्या नावावर जाऊन खरी जागा किती गेली तेही बघून घ्या.

आता मुख्य मुद्दा. जागा खातात ती चित्रं आणि आवाज. शब्दांना जागा फार कमी लागते. म्हणून मी या श्रोत्यांना मजकुरावर चालणारे गेम सुचवले. स्क्रीनवर प्रसंग लिहून येतो, तुम्ही काय करायचं ते टाइप करता आणि गोष्ट पुढे सरकते. यातले बरेच गेम `.z5` किंवा `.z8` अशा फाइलमध्ये असतात. `.z8` फाइल जास्तीत जास्त ५१२ केबीची असू शकते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'सुप्रभात'चा एखादा व्हिडिओही याहून मोठा असतो!

मिळतात कुठे? `ifdb.org` या साइटवर. खेळणाऱ्यांनी दिलेले तारे, अभिप्राय आणि बऱ्याच गेमना अंदाजे लागणारा वेळसुद्धा तिथे दिसतो. फाइल चालवायला एक छोटं अ‍ॅप लागतं. एफ-ड्रॉइडवर `Text Fiction` नावाचं मोफत अ‍ॅप आहे. ते जुनं आहे, त्यामुळे अगदी नव्या अँड्रॉइडवर बसेलच असं नाही; जुन्या फोनला मात्र ते सोयीचं. एक लक्षात ठेवा, फाइलच्या नावाचा शेवट `.ulx` किंवा `.gblorb` असेल तर ती या अ‍ॅपमध्ये चालणार नाही. उतरवण्याआधी नावाचा शेवट वाचा.

सुरुवात कशाने करायची? मी सांगेन, `Lost Pig`. २००७ च्या इंटरॅक्टिव्ह फिक्शन स्पर्धेत हा गेम पहिला आला होता. नायक ग्रंक नावाचा ऑर्क, म्हणजे परीकथेतला राक्षसासारखा गडी. शेतावरचं डुक्कर पळालंय आणि ते रात्रीच शोधून आणायचंय. ग्रंक स्वतः मोडकंतोडकं, सोपं इंग्रजी बोलतो, म्हणून आपल्यालाही वाचताना दडपण येत नाही. आणि गोष्ट हसवते! सुरुवातीला एवढंच टाइप करा:

```
listen
i
save
```

पहिल्या आज्ञेने आजूबाजूचे आवाज कळतात. डुकराचा माग काढायला तेच उपयोगी. `i` लिहिलं की ग्रंककडे काय काय आहे ते दिसतं. `save` मात्र दर थोड्या वेळाने करा, कारण कमी मेमरीचा फोन मागचं अ‍ॅप न विचारता बंद करतो. आणि अ‍ॅप काढून टाकलंत, तर साठवलेला खेळही जाईल असंच धरून चाला.

अडचण एकच. गेमला सगळी वाक्यं समजत नाहीत. 'कृपया दिवा उचल' असं लांबलचक लिहू नका. क्रियापद आणि वस्तू, `take torch`, एवढं पुरतं.

टाइप करायचा कंटाळा असेल, तर ट्वाइनमध्ये बनवलेले गेम बघा. ते साधारण एका `.html` फाइलमध्ये असतात, ब्राउझरमध्ये उघडतात आणि फक्त बोटाने पर्याय निवडायचा. मात्र काही गेम चित्रं बाहेरून मागवतात, म्हणून विमान मोडची परीक्षा इथेही घ्या. आणि खेळ अर्ध्यावर असताना ब्राउझरचा डेटा साफ करू नका, नाहीतर ग्रंकसारखं तुम्हालाही हरवलेलं शोधत बसावं लागेल.

आमच्या वॉचमनदादांसाठी हिशोब सांगतो. अशा शंभर `.z8` फाइल घेतल्या तरी पन्नास-एक एमबीच जातील. आठवड्यातून एकदा गच्चीवर जाऊन नवी फाइल उतरवली, की बाकीच्या रात्री रेंज असो वा नसो. तुम्ही डुक्कर पकडलंत की आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!