नव्या ताईचा पहिला आठवडा

(संघाच्या मासिक सभेत पदाधिकारी आणि गटप्रतिनिधींसमोर झालेले हे भाषण आहे. ज्यांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)



पुढच्या महिन्यात आपल्याकडे नवी सहयोगिनी रुजू होते आहे. मुलाखत झाली, निवड झाली, आता ती आली की काम सुरू, असं आपल्याला वाटतं. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. म्हणून आधी माझीच एक चूक सांगते.

काही वर्षांपूर्वी मी ज्या केंद्रात काम बघत होते, तिथे एक ताई नव्याने लागली. पहिल्या दिवशी आम्ही तिच्यासमोर फायलींचा ढीग ठेवला आणि म्हणालो, "वाचून घ्या." तीन दिवस ती टेबलाशी बसून राहिली. आम्ही सगळ्या आपापल्या गावांना गेलेलो. विचारायला कोणी नाही. चौथ्या दिवशी एका गटाची बैठक आली, जुन्या ताईंना ताप होता, म्हणून हिला एकटीला पाठवलं. बायकांनी प्रश्न विचारले, तिला सांगता येईना. एकीने तोंडावर म्हटलं, "ह्यांना काहीच येत नाही." महिना भरायच्या आत तिने काम सोडलं. मुलगी हुशार होती, बारावी झालेली, हिशेबाला पक्की. कमी पडलो आम्ही. तिला काम होतं, पण आठवडा नव्हता.

म्हणून आता आपण पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक आधीच कागदावर लिहू. त्यात तीन गोष्टी येतात. एक, शिकवणं, म्हणजे बसून समजावून सांगणं. दुसरी, जुन्या ताईंसोबत फिरून बघणं. तिसरी, कागदपत्रं आणि कार्यालयाची कामं. यातली एक पूर्ण संपवून दुसरी सुरू करायची, हीच आपली मोठी चूक असते. तीन दिवस नुसतं शिकवलं तर चौथ्या दिवशी पहिल्या दिवसाचं विसरलेलं असतं. नुसतं फिरवलं तर काय बघायचं ते कळत नाही. म्हणून सकाळी जे शिकवलं, तेच त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गावात डोळ्यांनी दिसलं पाहिजे. आणि कागदांचं काम रोज थोडं, तासाभरापेक्षा जास्त नाही.

सोमवार. सकाळी दहाला ती येईल तेव्हा अध्यक्ष किंवा व्यवस्थापक, कोणीतरी एक जण कार्यालयात हवीच. पहिल्या तासात नेमणुकीचं पत्र तिच्या हातात द्यायचं. त्यात मानधन किती, कोणत्या तारखेला मिळणार, परीक्षेचा काळ किती महिने, रजा किती, प्रवासखर्च कसा मिळणार, हे लिहिलेलं असावं आणि तिला वाचूनही दाखवावं. तिच्याकडून आधार, पॅन, बँक पासबुकाची प्रत, दोन फोटो आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर घ्यायचा. आणखी एक गोष्ट लाजेखातर राहून जाते. गावात किंवा प्रवासात कोणी त्रास दिला, नको ते बोललं, तर कोणाला सांगायचं, ते पहिल्याच दिवशी सांगायचं. कामाच्या ठिकाणी बाईला त्रास होऊ नये म्हणून 2013 चा कायदा आहे. दहापेक्षा कमी माणसं काम करतात तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. हे तिला माहीत हवं.

दुपारी शिकवायचं फक्त एकच, पंचसूत्री. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. पाठ करून घेऊ नका. एका गटाचं इतिवृत्त उघडा आणि विचारा, "यात पाचातलं कुठलं दिसतं, कुठलं दिसत नाही?"

मंगळवार. जुन्या ताईंसोबत पहिली बैठक. आज नवीने बोलायचं नाही, पण रिकामं बसायचंही नाही. तिच्या वहीत तीन प्रश्न लिहून द्या. बैठक किती वाजता ठरली होती आणि किती वाजता सुरू झाली? पैसे कोणी मोजले? कोण अजिबात बोललं नाही? हातात प्रश्न असला की नजर आपोआप फिरते. गटाला मात्र आदल्या दिवशी निरोप गेला पाहिजे की उद्या नवी ताई येणार आहे, ती शिकते आहे. नाहीतर बायकांना वाटतं, कोणीतरी तपासायला आलं, आणि वह्या नीट बाहेरच निघत नाहीत.

परत आल्यावर प्रवासखर्चाचा फॉर्म तिच्याकडून त्याच दिवशी, त्याच तिकिटावरून भरून घ्यायचा. कागदाचं काम असं गरज पडेल तेव्हा शिकवलं की लक्षात राहतं. नाहीतर ती पहिला महिना पदरचे पैसे घालत राहते आणि विचारायला संकोचते.

बुधवार. सकाळी दोन तास वह्यांचे: इतिवृत्त, रोकडवही, बचत-कर्जाची नोंदवही आणि सभासदाचं पासबुक. एकच आकडा या चारांत कसा फिरतो, ते एका जुन्या बैठकीवरून दाखवायचं. दुपारी गटाच्या अध्यक्ष आणि सचिव यांच्यासोबत बँकेत. स्लिप भरणं, पासबुकात नोंद करून घेणं, कोणत्या खिडकीला काय काम, हे तिने बघावं. आणि इथेच तिला ठामपणे सांगायचं: गटाची रोकड सहयोगिनीने स्वतःजवळ घ्यायची नाही, गटाचे पैसे एकटीने बँकेत न्यायचे नाहीत, कोणाचा ओटीपी विचारायचा नाही. विश्वास आहे म्हणून बायका पैसे हातात देतात. त्याच विश्वासासाठी ते घ्यायचे नसतात.

गुरुवार. आज दुसरी बैठक, दुसऱ्या गटाची. आज नवीने एका कोऱ्या कागदावर स्वतः वेगळा हिशेब मांडायचा. रोकडवही गटाची हिशेबनीसच लिहील. शेवटी दोन्ही कागद जुळवायचे. याचं एक उदाहरण आकड्यांसकट सांगते, कारण आठवड्यातला सगळ्यात मोलाचा तास हाच.

बारा बायकांचा गट. पेटीत मागची शिल्लक 350 रुपये. बचत प्रत्येकी 100, म्हणून वहीत 1200. तिघींनी मुद्दल परत केलं, 1000, 500 आणि 500, मिळून 2000. कर्जाची बाकी 10000, 5000 आणि 5000 होती. महिना शेकडा दोनने व्याज 200, 100 आणि 100, म्हणजे 400. एकीचा उशिराचा दंड 10. एकूण झाले 3960. एका ताईला शेळीसाठी 3000 कर्ज दिलं. शिल्लक राहायला हवी 960.

कोषाध्यक्ष ताईंनी सगळ्यांसमोर पेटीतले पैसे मोजले. निघाले 860.

आता शंभर रुपये कुठे गेले? सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. नव्या ताईच्या कागदावर मात्र बचतीपुढे 1100 होते. तिने वहीत नाव बघून लिहिलं नव्हतं, नोट पेटीत पडताना बघून लिहिलं होतं. एक बाई गैरहजर होती. तिची जाऊ म्हणाली होती, "तिचे मी देते," आणि हिशेबनीस ताईंनी बोलण्यावरून नोंद करून टाकली. पैसे काही आले नव्हते.

इथे जुनी ताई काय करते, यावर नवी काय शिकणार ते ठरतं. पुष्कळदा जुनी ताई पर्समधून शंभराची नोट काढते आणि म्हणते, "जाऊ द्या, जुळलं." हिशेब जुळतो, पण नवीच्या मनात कायमचं बसतं की फरक आला की तो लपवायचा. बरोबर रीत अशी: चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ, खोडाखोड नाही, पांढरी शाई नाही. शेजारी बरोबर आकडा आणि सही. गैरहजर बाईची बचत येणे बाकी म्हणून दाखवायची आणि तिच्या पासबुकात नोंद झाली असेल तर तीही तशीच दुरुस्त करायची. मग एकूण 3860, त्यातून 3000 गेले, शिल्लक 860. पेटी आणि वही एक झाली.

शुक्रवार. आज उलट. नवी ताई बैठक चालवेल आणि जुन्या ताई मागे बसतील. अवघड काम नवीचं नाही, जुन्या ताईंचं आहे. मध्ये बोलायचं नाही. फक्त पैशांची चूक होत असेल तरच थांबवायचं. बाकीचं परतीच्या वाटेवर, एसटीत किंवा चालताना सांगायचं, बायकांसमोर नाही. आधी तिलाच विचारायचं, "तुम्हाला काय जमलं नाही असं वाटलं?" मग आपलं सांगायचं, तेही दोनच गोष्टी. दहा सांगितल्या तर एकही राहत नाही.

शनिवार. अर्धा दिवस. राहिलेले कागद पूर्ण, पुढच्या महिन्याच्या बैठकांची यादी तिच्या हातात, आणि एक तास बोलणं. त्यात परीक्षा एकच. गुरुवारची वही उघडायची आणि म्हणायचं, "आम्हाला काही माहीत नाही असं समजा, हा फरक का आला ते सांगा." तिने नुसतं "शंभर कमी होते" म्हटलं तर ती अजून बघते आहे. "नोट न बघता नोंद झाली" म्हटलं तर तिला काम कळलं. पहिलं उत्तर आलं म्हणून ती वाईट नाही. तिला आणखी एक आठवडा सोबत हवी, एवढाच त्याचा अर्थ.

आठवडा बिघडतो आहे हे कसं ओळखायचं? तिची वही बघा. मंगळवार ते गुरुवार तिच्या वहीत एकही प्रश्न नसेल, तर तिला सगळं कळलं असं समजू नका. बहुतेक वेळा विचारायची भीती वाटते म्हणून वही कोरी असते. दुसरी खूण, ती जुन्या ताईंचीच वाक्यं बोलायला लागते, "तो गट आळशी आहे, त्या बाया ऐकत नाहीत." म्हणजे सोबत फिरताना तिला कामाबरोबर रागही शिकवला गेला. सोबतीला कोण द्यायची ते म्हणूनच विचार करून ठरवा. जी सगळ्यात जुनी तीच हवी असं नाही. जिच्या गटांच्या वह्या वेळेवर लिहिलेल्या असतात आणि जी न चिडता दुसऱ्यांदा सांगते, ती द्या. आणि त्या आठवड्यात तिची स्वतःची दोन कामं कमी करा. नाहीतर ती घाईत पळेल आणि नवी मागे मागे.

एक अडचण तुम्ही सांगाल, बैठका काही आपल्या वेळापत्रकाप्रमाणे होत नाहीत. खरं आहे. पेरणीच्या दिवसांत तर रात्री आठला होतात. मग वार बदला, पण क्रम बदलू नका: आधी बघणं, मग सोबतीने करणं, मग तिने करणं आणि आपण बघणं. आठवड्यात तीन बैठका मिळत नसतील तर दहा दिवस घ्या. रात्रीची बैठक असेल तर तिच्या परतीची सोय आधी करा.

आणि गटातल्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे ती येईल तेव्हा एवढंच करा. वह्या पुढे ठेवा, पैसे तिच्या डोळ्यांसमोर मोजा, आणि ती अडखळली तर हसू नका. आपण पहिल्यांदा बँकेत सही करायला गेलो होतो, तेव्हा आपला हात कसा थरथरत होता, ते आठवा.

वेळापत्रकाचा कागद सभेनंतर टेबलावर ठेवला आहे. सोबत कोण जाणार, त्या ताईचं नाव आज इथेच ठरवू आणि मगच चहा घेऊ.