सतरांचे पैसे आणि तिघांची थकबाकी



गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जातो, 'वाढावा तीस हजार' हे शब्द कानी पडतात, आणि मंडळी समाधानाने चहाकडे वळतात. आम्ही आज एवढेच सुचवणार आहो की, त्या तीस हजारांवर एकदम विश्वास ठेवू नये.

समजा, एका संस्थेत वीस गाळे आहेत. प्रत्येकाकडून देखभालीचे महिना २,००० रुपये घ्यावयाचे. शिवाय सिंकिंग फंड. तो आदर्श उपविधींप्रमाणे बांधकामखर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का. त्यात जमिनीची किंमत धरावयाची नाही. गाळ्याचा बांधकामखर्च १२ लाख धरला, तर वर्षाला ३,००० रुपये होतात. बिल एकच, पण त्यातील हे दोन पैसे वेगळ्या जातीचे आहेत. देखभालीचे पैसे हे वर्षाचे उत्पन्न. पहारेकरी, पाणी, जिन्यातले दिवे यांवर ते खर्चावयाचे. सिंकिंग फंड हे उत्पन्नच नव्हे. इमारत म्हातारी होईल त्या दिवसासाठी ठेवलेली ती ठेव आहे.

आता खर्च झाला ४,५०,००० आणि देखभालीची आकारणी ४,८०,०००. वाढावा तीस हजार, खरा. पण तीन सभासदांनी वर्षभर एक पैही दिली नाही! आकारणी झाली की रक्कम उत्पन्नात धरली जाते, मग ती हाती येवो वा न येवो. सतरा जणांकडून देखभालीचे आले ४,०८,०००. खर्चाला ४२,००० कमी पडले. ते कोठून आले? त्याच सतरा जणांच्या सिंकिंग फंडातून. त्यांनी त्यासाठी ५१,००० दिले होते. बँकेत उरले ९,०००.

आणि गंमत अशी की, ताळेबंद बिनचूक जुळतो. डावीकडे सिंकिंग फंड ६०,००० व वाढावा ३०,०००. उजवीकडे बँकेत ९,००० व थकबाकी ८१,०००. हिशेबतपासनिसाला बेरजेत चूक सापडणार नाही. म्हणून सभासदाने बेरीज पाहू नये. डावीकडचा फंडाचा आकडा आणि उजवीकडची त्याची मुदतठेव शेजारी शेजारी धरून पाहावी. गच्ची गळू लागल्यावर थकबाकीच्या आकड्याने डांबर विकत मिळत नाही.

खजिनदाराने बिलाची रक्कम येताच फंडाचा हिस्सा स्वतंत्र खात्यात टाकावा. मग देखभालीची तूट पहिल्याच महिन्यात उघडी पडते, आणि तगादा वेळेवर सुरू होतो. थकबाकीवर सरळव्याजच लावावे. उपविधींत त्याला कमाल मर्यादा घातलेली आहे. व्याजावर व्याज चढवले, तर थकबाकीदाराला भांडायला आयतेच कारण मिळते. नोटिसांनी भागले नाही, तर १९६० च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे निबंधकाकडून वसुलीचा दाखला मागता येतो. त्या अर्जाला सभासदवार, महिनावार उतारा लागतो, आणि तो ज्या चोपडीतून काढावयाचा ती पुष्कळ संस्थांत अपुरीच लिहिलेली असते.