हिंगाच्या डबीवर काय लिहिलं होतं?

मी इथे नॉटिंगहॅममध्ये छोट्या व्यवसायांना संगणक प्रणाली करून देण्याआधी त्यांच्या गरजा लिहून काढतो. आज एका फराळाच्या दुकानाची गोष्ट सांगतो.

दुकानातले काका पहिल्याच भेटीत म्हणाले, "ऑर्डर घेणारं अ‍ॅप करून द्या." आता अ‍ॅप हा झाला उपाय, अडचण काय ते मला कळलं नव्हतं. म्हणून मी विचारलं, "मागच्या दिवाळीत फसलेली एखादी ऑर्डर सांगा." आठवणीतली खरी ऑर्डर सांगताना माणूस बारकावे आपोआप बोलतो.

काका, काकू आणि पॅकिंग करणारी मुलगी यांच्याशी मी वेगवेगळं बोललो. मालकासमोर कामाची माणसं मालकाचंच म्हणणं खरं करतात. ऑर्डरी कधी बंद होतात? काका म्हणाले रविवारी. काकू म्हणाल्या शुक्रवारी, कारण चकलीची भाजणी शनिवारी दळायची, तेव्हा किलो पक्के लागतात.

मग दुकान बंद असताना तिघांना दोन तास एकत्र बसवलं. टेबलावर लांब कागद पसरला आणि एकाच जुन्या ऑर्डरीचा प्रवास, फोन आल्यापासून डबा हाती देईपर्यंत, चिठ्ठ्यांवर मांडला. कोण काय बोललं ते न सांगता दोन्ही वार मीच पुढे ठेवले. बरीच घासाघीस होऊन ठरलं: शुक्रवारी संध्याकाळी ६ नंतर फक्त तयार असलेला माल विकायचा.

पुढची चिठ्ठी लेबलाची. इथे ऑक्टोबर २०२१ पासून, दुकानातच आधी भरून विकायला ठेवलेल्या पाकिटांवर सगळे घटक छापावे लागतात आणि कायद्यातले १४ अ‍ॅलर्जीकारक पदार्थ उठून दिसावे लागतात. फोनवरच्या ऑर्डरीला ही माहिती विकत घेण्यापूर्वी आणि माल पोचताना द्यावी लागते. चिवड्यासाठी काकांनी शेंगदाणे आणि मोहरी सांगितली. मुलगी उठून हिंगाची डबी घेऊन आली. त्यावर गव्हाचं पीठ लिहिलेलं! बाजारातल्या बांधानी हिंगात ते बरेचदा असतं. ग्लुटेन न चालणारं गिऱ्हाईक हाच चिवडा नेत होतं.

म्हणून मी "लेबलावर अ‍ॅलर्जी दाखवावी" एवढंच लिहिलं नाही. लिहिलं ते असं: "कच्च्या मालाचा ब्रँड बदलला, की नव्या पाकिटावरचे घटक कुणीतरी तपासेपर्यंत त्या पदार्थाचं लेबल छापलं जाऊ नये." याची चाचणीही सोपी. हिंगाचा ब्रँड बदलायचा आणि लेबल छापून बघायचं. छापलं गेलं, तर काम नापास.

मसुदा चार पानांचा झाला. काकूंनी सही करण्याआधी विचारलं, "ही मुलगी रजेवर असली तर तपासणार कोण?" ती ओळ मी मोकळी सोडली होती. त्यांनी तिथे स्वतःचं नाव घातलं, मग सही केली.