बंदुकीचा धक्का

छात्रसेनेत .२२ ची रायफल लीलया चालविणारा तरुण .३०३ हाती येताच खांदा चोळू लागतो, याचे कारण असे की पहिलीची गोळी अवघी अडीच ग्रॅमची, तर दुसरीची सुमारे अकरा ग्रॅमची असून दुपटीहून अधिक वेगाने सुटते, आणि दारूचा वायूही त्या रेट्यात भर घालतो. चार किलोची रायफल पाच किलोची केल्यास धक्क्याची ऊर्जा पंचमांशाने घटते. परंतु दस्ता बेताच्या लांबीचा नसेल, अथवा खांद्याच्या खळग्यात घट्ट न बसता किंचित अंतर राहिले, तर तोच रेटा तडाख्यासारखा हाडावर आदळतो, आणि हा दोष दंडावर उमटलेल्या काळ्यानिळ्या डागावरून ओळखता येतो. नळीच्या मुखावरील ब्रेक वायू बाजूस वळवून धक्का उणा करतो खरा, तथापि त्याचा कर्णकटू आवाज शेजारच्या नेमबाजास सोसावा लागतो.